वगळणुकीच्या कलमातल्या टायपिंगच्या चुका : अर्थपूर्ण वाक्य जास्त धोक्याचं

प्रश्न : मी विमा कंपनीच्या पॉलिसी वर्डिंग विभागात नवीन आहे. छपाईला जाण्याआधी बारीक अक्षरातली वगळणुकीची कलमं वाचून देणं हे माझं काम. स्पेलचेक लावते, दोनदा वाचते, काही सापडत नाही. तरी वरिष्ठांनी परवा एका पानावर अशी चूक दाखवली की जे वगळायचं तेच समाविष्ट झालं होतं. अशा चुका नेमक्या कुठे असतात आणि त्या दिसाव्यात म्हणून कसं वाचायचं?

उत्तर :

सर्वांत आधी एक फरक मनात पक्का करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. टायपिंगच्या चुका दोन जातींच्या असतात. काही चुकांनी वाक्य मोडतं : शब्द अर्धवट राहतो, क्रियापद जुळत नाही, वाचणारा अडखळतो. या चुका दिसायला वाईट, पण धोका कमी. कुणीही वाचलं तरी चूक आहे हे कळतं आणि काय हवं होतं तेही कळतं. दुसऱ्या जातीच्या चुकीनंतर वाक्य शाबूत राहतं, व्याकरण बरोबर असतं, अर्थ लागतो. फक्त तो अर्थ वेगळा असतो. स्पेलचेकला ही दिसत नाही. आणि तुम्ही दोनदा वाचूनही ती सुटते, कारण दोन्ही वेळा तुम्ही ‘वाक्य बरोबर आहे ना’ एवढंच पाहता. तुम्हाला शोधायच्या आहेत त्या या दुसऱ्या जातीच्या चुका.

कायद्याच्या दृष्टीनेही हाच फरक निर्णायक ठरतो. इंग्लंडमध्ये १९८२ साली ‘ईस्ट विरुद्ध पँटाइल्स’ या खटल्यात न्यायालयाने दोन अटी सांगितल्या. करारातली चूक केवळ अर्थ लावताना दुरुस्त करून वाचायची असेल, तर चूक झाली आहे हे स्पष्ट हवं आणि दुरुस्ती कोणती हेही स्पष्ट हवं. २००९ च्या ‘चार्टब्रूक विरुद्ध पर्सिमन होम्स’ या निकालात तिथल्या सर्वोच्च पातळीच्या न्यायपीठाने हे आणखी उदार केलं. किती शब्द बदलावे लागतात याला मर्यादा नाही, पण भाषेत काहीतरी बिघडलं आहे आणि समंजस माणूस त्यातून काय समजला असता, या दोन्ही गोष्टी स्पष्ट असल्याच पाहिजेत. म्हणजे मोडलेलं वाक्य न्यायालय सावरून घेऊ शकतं. अर्थपूर्ण चुकीच्या वाक्यात मात्र बिघाड दिसतच नाही, मग सावरायचं कशाच्या आधारावर? त्यात विमा पॉलिसी बहुधा कंपनीने लिहिलेली असते, त्यामुळे दोन अर्थ निघत असतील तर अनेक देशांतली न्यायालयं विमाधारकाला अनुकूल अर्थ घेतात, आणि वगळणुकीचं कलम तर शक्य तितकं आखडून वाचतात.

आता एक कलम घेऊ आणि त्यातच राहू. गोदामातल्या मालाची पॉलिसी आहे. आग, पाणी, मोडतोड असे सगळे आकस्मिक धोके तिच्यात येतात, वगळलेले सोडून. पाण्याचं कलम असं आहे :

कलम ४. पुढीलपैकी कोणत्याही कारणाने झालेले नुकसान या पॉलिसीत समाविष्ट नाही :
(अ) जमिनीवरून वाहत आलेले पुराचे पाणी;
(आ) गटार किंवा सांडपाण्याच्या नळातून उलटे आत आलेले पाणी, किंवा
(इ) पाइप, टाकी किंवा वातानुकूलन यंत्रणेतून होणारी पाण्याची गळती, ती सलग १४ दिवस किंवा अधिक काळ चालू असल्यास.
मात्र अशा पाण्यामुळे आग लागल्यास, त्या आगीने झालेले नुकसान समाविष्ट राहील.

यात तीन पायऱ्या आहेत. पॉलिसी सगळं देते, कलम ४ त्यातून काही काढून घेतं, आणि ‘मात्र’ने सुरू होणारं वाक्य काढून घेतलेल्यातून थोडं परत देतं. या शेवटच्या पायरीला मी इथे ‘सूट’ म्हणतो. पायऱ्या मोजायची सवय लावून घ्या. पहिल्या पायरीवर ‘आहे’, दुसरीवर ‘नाही’, तिसरीवर पुन्हा ‘आहे’. कधी चौथीही असते, सुटीला अपवाद; तिथे पुन्हा ‘नाही’. कोणत्या पायरीवर उभे आहात हे ठाऊक नसेल तर एखादा ‘न’ जास्त आहे की कमी हे कळणारच नाही. मी समासात पेन्सिलीने प्रत्येक ओळीपुढे अधिक किंवा वजा लिहितो आणि मग वाचायला घेतो.

वाचण्याआधी आणखी एक काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी तेच आहे : तीन-चार घटना कागदावर लिहा आणि प्रत्येकीत विमा मिळायला हवा की नको हे आधी ठरवा. ठरवताना कलमाचा मजकूर बघू नका. अंडररायटिंगची टिपणी, मंजूर झालेला मूळ मसुदा किंवा थेट मसुदा लिहिणारी व्यक्ती यांच्याकडून हेतू घ्या. आपल्या कलमासाठी मी या घटना घेईन. एक, पाइप रात्री फुटला, सकाळी कळलं, माल भिजला : विमा मिळायला हवा. दोन, भिंतीआड वीस दिवस गळती चालू होती, माल कुजला : नको. तीन, पुराचं पाणी आत शिरलं आणि माल भिजला : नको. चार, पुराचं पाणी विजेच्या पॅनेलमध्ये गेलं, शॉर्टसर्किट होऊन आग लागली. खालच्या फळ्यांवरचा माल आधीच भिजला होता, वरच्या फळ्यांवरचा जळला : जळलेल्या मालाचं मिळायला हवं, भिजलेल्याचं नको. ही चौथी घटना नीट लक्षात ठेवा, तीच सर्वांत जास्त चुका पकडते.

आता छापील मजकुरावरून या घटना एकेक करून चालवा. स्वतःला काही ठाऊक नाही असं समजून, फक्त कागदावरच्या अक्षरांना धरून उत्तर काढा. आधीच्या उत्तराशी जुळलं नाही की चूक कुठेतरी आहे.

पहिली चूक बघू. (इ) मध्ये ‘असल्यास’चं ‘नसल्यास’ झालं. एका अक्षराचा फरक, दोन्ही शब्द शुद्ध. आता वाक्य सांगतं की १४ दिवसांपेक्षा कमी चाललेली गळती वगळली आणि जास्त चाललेली समाविष्ट. पहिल्या आणि दुसऱ्या घटनेची उत्तरं थेट उलटली. ‘असल्यास–नसल्यास’, ‘अधिकृत–अनधिकृत’, ‘पूर्वसूचनेसह–पूर्वसूचनेविना’, ‘आत–बाहेर’, ‘आधी–नंतर’, ‘पर्यंत–पासून’ या जोड्या कलमात दिसल्या की थांबायचं. मी अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारतो आणि मनात त्याच्या जागी विरुद्ध शब्द घालून वाक्य पुन्हा वाचतो. उलटं वाक्य निरर्थक वाटलं तर तिथे फारसा धोका नाही; चूक झाली असती तर पुढच्या कुणाच्या तरी नजरेला आली असती. उलटं वाक्यही तितकंच सुरळीत वाटलं, तर ती जागा मूळ मसुद्याशी अक्षर-अक्षर लावून पाहायचीच. या उलटसुलट वाचनाला वेळ लागतो, म्हणून ते पूर्ण पॉलिसीवर करू नका. वगळणुका, सुटी, अटी आणि व्याख्या एवढ्यांवर करा.

‘नसल्यास’च्या चुकीत कंपनीला थोडी आशा तरी आहे. अचानक फुटलेला पाइप वगळायचा आणि महिनाभर दुर्लक्षित राहिलेली गळती भरून द्यायची, असा विमा कुणी विकत नाही. त्यामुळे काहीतरी बिघडलं आहे हे न्यायालयाला पटवता येण्याची शक्यता आहे. पण समजा, तिथे फक्त आकडे उलटले आणि १४ चे ४१ झाले. ४१ दिवस हा विचित्र आकडा असला तरी अशक्य नाही. वीस दिवसांच्या गळतीचा दावा आता द्यावा लागेल, आणि ‘आम्हाला १४ म्हणायचं होतं’ हे सिद्ध करायला पॉलिसीच्या आत काहीच पुरावा नाही. म्हणून संख्येसाठी घटनाही सीमेवरची घ्या : १३ दिवस, १४ दिवस, १५ दिवस. १४ व्या दिवसाचं उत्तर हेतूशी जुळतं का ते बघताना ‘१४ दिवस किंवा अधिक’ आणि ‘१४ दिवसांपेक्षा अधिक’ यांतला एका दिवसाचा फरकही आपोआप तपासला जातो. संख्या अक्षरात आणि अंकात दोन्ही लिहिली असेल तर दोन्ही जुळवा. त्या जुळत नसल्या तर पुष्कळ ठिकाणी अक्षरातली खरी धरतात, आणि टायपिस्टने दुरुस्ती करताना बहुधा फक्त अंक बदललेला असतो.

आता शेवटच्या वाक्याकडे या. माझ्या अनुभवात सुटीच्या वाक्यातली चूक सर्वांत उशिरा सापडते. समजा ‘त्या आगीने झालेले’ हे तीन शब्द टाइप करताना गळाले :

मात्र अशा पाण्यामुळे आग लागल्यास, नुकसान समाविष्ट राहील.

वाचा पुन्हा. अडखळायला होतं का? मुळीच नाही. उलट वाक्य जास्त सुटसुटीत झालं, आणि हीच अडचण आहे. संपादनाची हौस असलेला एखादा सहकारी हे शब्द मुद्दामही काढेल, पुनरुक्ती समजून. पण चौथी घटना चालवून पाहा. आग लागली, अट पूर्ण झाली. समाविष्ट काय राहील? ‘नुकसान’. कोणतं ते सांगितलेलं नाही. कलमाच्या डोक्यावर ज्या ‘नुकसाना’बद्दल बोललं आहे ते पाण्याने झालेलं नुकसान. तेव्हा विमाधारक म्हणणार की आग लागताच पुराने भिजलेला खालचा मालही विम्यात आला. युक्तिवाद ओढूनताणून केलेला नाही, शब्दांना धरून आहे. पुराचा धोका कंपनीने घेतलेला नव्हता, त्याचा प्रीमियम लावलेला नव्हता. पण एक ठिणगी पडली की गोदामभर पुराचं नुकसान अंगावर. अशी वाक्यं वाचताना स्वतःला दोन प्रश्न विचारा : सूट कशामुळे लागू होते, आणि लागू झाल्यावर परत काय मिळतं? दोन्ही उत्तरं वाक्यात शब्दांनी लिहिलेली सापडली पाहिजेत. एक जरी तुम्ही मनाने भरत असाल, तर तिथला शब्द गळाला आहे.

याच वाक्याची दुसरी गोष्ट म्हणजे त्याची जागा. मूळ मसुद्यात ‘मात्र’ डाव्या कडेपासून सुरू होतं, कलमाच्या मुख्य ओळीच्या रेषेत. म्हणून ते (अ), (आ), (इ) तिन्हींना लागू. छपाईसाठी मजकूर एका फाइलमधून दुसरीत चिकटवला की यादीचं स्वरूप सांभाळणारी यंत्रणा शेवटची ओळ आत ओढते आणि ती (इ) च्या पोटात जाते. एकही अक्षर बदललं नाही, पण सूट आता फक्त गळतीपुरती उरली असं म्हणता येतं. चौथ्या घटनेत विमाधारकाचा जळलेला मालही गेला. उलट दिशेने घडलं तर कंपनी सापडते. काही मसुद्यांमध्ये (इ) च्या खाली तिची स्वतःची सूट असते : ‘मात्र विमाधारकाला असे पाणी कळण्याजोगे नसेल तर हे लागू होणार नाही.’ ती ओळ बाहेर डाव्या कडेला सरकली, की पूर आणि गटारालाही लागू होते, आणि रात्री शिरलेला पूर कुणाला आधी कळतो? म्हणून वगळणुकीचं पान अंतिम छपाईच्या स्वरूपातच वाचा. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वाचून ‘ठीक’ लिहू नका. तिथे ही चूक असूच शकत नाही आणि नंतर होते. शिवाय मसुदा लिहिणाऱ्यांना सुचवा की व्याप्ती समासाच्या भरवशावर सोडू नका. ‘मात्र (अ), (आ) किंवा (इ) मधील पाण्यामुळे’ असं लिहिलं तर ओळ कुठेही सरकली तरी अर्थ सरकत नाही.

स्वल्पविरामाचंही असंच आहे, त्यावर एक खरा खटला सांगतो. विम्याचा नाही, पण वगळणुकीच्या यादीचाच आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात काही कामांना ओव्हरटाइमच्या नियमातून वगळलं होतं. यादीच्या शेवटी ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ असा मजकूर आला आणि त्या ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. दूध कंपनीचं म्हणणं, वितरण हे वेगळं काम आहे आणि तेही वगळलं आहे. ड्रायव्हरांचं म्हणणं, वगळलं आहे ते फक्त पॅकिंग, मग ते पाठवणीसाठी असो की वितरणासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही. २०१७ मध्ये ‘ओ’कॉनर विरुद्ध ओकहर्स्ट डेअरी’ या प्रकरणात अपील न्यायालयाने मजकूर दुअर्थी ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. आपल्या (इ) मध्ये बघा : ‘वातानुकूलन यंत्रणेतून होणारी पाण्याची गळती, ती सलग १४ दिवस’ इथे ‘ती’ मुळे अट पाइप, टाकी आणि यंत्रणा तिन्हींच्या गळतीला लागते. ‘पाइप, टाकी, किंवा सलग १४ दिवस गळणाऱ्या वातानुकूलन यंत्रणेतून आलेले पाणी’ असं कुणी लिहिलं तर दिवसांची अट शेवटच्या एकालाच चिकटते आणि काल फुटलेला पाइपसुद्धा वगळला जातो. यादीच्या टोकाला विशेषण किंवा अट दिसली की ती यादीतल्या प्रत्येक नगाला एकेकटी लावून वाक्य म्हणून पाहा.

‘किंवा’ आणि ‘आणि’ यांबद्दल लोक फार घाबरवतात, पण इथे डोकं शांत ठेवून पाहा. (आ) च्या शेवटी ‘किंवा’ ऐवजी ‘आणि’ पडलं तर? आपल्या कलमात फारसं काही होत नाही, कारण डोक्यावर ‘पुढीलपैकी कोणत्याही कारणाने’ लिहिलेलं आहे. डोक्यावर नुसतं ‘पुढील कारणांनी’ असतं, तर पूर, गटार आणि गळती तिन्ही एकत्र आल्याशिवाय वगळणूक लागतच नाही असं म्हणायला वाव मिळाला असता. तेव्हा जोडशब्द एकटा तपासू नका, यादीच्या डोक्यावरच्या ओळीबरोबर तपासा. डोक्यावर आधार असेल तर चूक नोंदवा, पण तिच्यापायी छपाई थांबवायची गरज नाही.

छपाई थांबवावी अशी चूक मात्र क्रमांकांची. विमाधारक जास्तीचा प्रीमियम भरून एखादी वगळणूक काढून घेतो, त्यासाठी पॉलिसीला एन्डॉर्समेंट जोडली जाते. आपल्या उदाहरणात एकाने गटाराच्या पाण्याचा धोका विकत घेतला. एन्डॉर्समेंट म्हणते : ‘कलम ४ (आ) रद्द करण्यात येत आहे.’ बरोबर. पुढच्या वर्षी मूळ पॉलिसीत सुरुवातीला एक नवीन उपकलम आलं : ‘(अ) जमिनीखालून झिरपणारे पाणी’. पूर (आ) झाला, गटार (इ) झालं, गळती (ई) झाली. एन्डॉर्समेंटचा कागद वेगळा छापलेला, वेगळ्या फाइलमध्ये. तिथे (आ) तसाच राहिला. आता काय झालं पाहा. विमाधारकाने ज्याचे पैसे भरले ते गटार वगळलेलंच राहिलं. ज्याचे पैसे भरले नाहीत तो पूर समाविष्ट झाला. दोघांचंही बिघडलं, आणि दोन्ही कागद स्वतंत्रपणे वाचले तर दोन्हींत एकही चूक नाही.

म्हणून मूळ पॉलिसीत एकही उपकलम वाढलं किंवा गळालं, तर तिच्याकडे बोट दाखवणारा प्रत्येक कागद काढा : एन्डॉर्समेंट, शेड्यूल, व्याख्या, क्लेमच्या अटी. ‘कलम ४ (आ)’ असं दिसलं की नुसता क्रमांक अस्तित्वात आहे का ते बघून पुढे जाऊ नका. तिथे जाऊन मजकूर वाचा आणि परत या. दोन फाइलींची तुलना करून देणाऱ्या सोयीवर इथे पूर्ण विसंबू नका. आपोआप पडणारे क्रमांक हा टाइप केलेला मजकूर नसतो, त्यामुळे क्रमांक सरकल्याचं तुलनेत दिसेलच असं नाही. आणि एन्डॉर्समेंटमध्ये तर काहीच बदललेलं नाही, मग दिसणार काय? शिवाय तुलना ज्या जुन्या प्रतीशी करता, तिच्यातच चूक असेल तर दोन्ही बाजूंना तीच चूक असते आणि पडदा स्वच्छ दिसतो. एन्डॉर्समेंटमध्ये क्रमांकासोबत मजकूरही लिहावा, म्हणजे ‘कलम ४ (आ), गटार किंवा सांडपाण्याच्या नळातून उलटे आलेले पाणी, रद्द’, हा आग्रह धरा. क्रमांक चुकला तर निदान विसंगती डोळ्यांना दिसते आणि दुरुस्ती कोणती हेही कळतं. वर सांगितलेल्या दोन्ही अटी तिथे पूर्ण होतात.

व्याख्यांबद्दल थोडक्यात. ज्या शब्दांची पॉलिसीत व्याख्या आहे ते ठळक अक्षरात छापायची पद्धत असेल, तर ठळकपणा जाणं ही सुद्धा टायपिंगची चूकच. ठळक ‘पूर’ म्हणजे व्याख्येतला पूर. साधा ‘पूर’ म्हणजे रोजच्या बोलण्यातला. वगळणुकीत साधा राहिला तर तिची व्याप्ती वाढली की आखडली यावर वाद सुरू होतो. व्याख्येतले शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी एकाच रूपात आहेत का ते बघा. हे काम यंत्राच्या शोधसोयीने चांगलं होतं.

प्रत्यक्ष वाचण्याच्या पद्धतीबद्दल बोलायचं तर, शक्य असेल तेव्हा दोघांनी वाचा. एकाच्या हातात मंजूर मसुदा, दुसऱ्याच्या हातात छपाईची प्रत. मसुदा असलेला मोठ्याने वाचतो. स्वल्पविराम, अर्धविराम, कंस, ‘नवी ओळ, डाव्या कडेला’ हे सगळं उच्चारून. दुसरा फक्त बघतो. भूमिका उलट्या करू नका. छपाईची प्रत हातात असलेला वाचू लागला की गळालेले शब्द त्याच्या तोंडून आपोआप येतात. एकट्याने वाचायचं असेल तर कलमं शेवटाकडून सुरुवातीकडे घ्या, म्हणजे ओघ तुटतो. आणि घटना चालवण्याचं काम वेगळ्या बैठकीत करा. अक्षरं जुळवणारी नजर आणि अर्थ तपासणारी नजर एका वेळी नीट चालत नाही.

चूक सापडली की ती स्वतः दुरुस्त करू नका, अगदी स्पष्ट वाटली तरी. तुम्हाला ४१ ही चूक वाटते, पण कदाचित त्या ग्राहकाशी तसं ठरलं असेल. शंका लिहून पाठवा : कलमाचा क्रमांक, छापलेला मजकूर जसाच्या तसा, मसुद्यातला मजकूर, आणि कोणत्या घटनेचं उत्तर त्यामुळे बदलतं. ‘४ (इ), १४ ऐवजी ४१, वीस दिवसांच्या गळतीचा दावा आता देय होतो’ एवढं लिहिलं की अंडररायटरला पाच सेकंदांत गांभीर्य कळतं. नुसतं ‘पान ७ वर आकडा तपासावा’ असं लिहिलंत तर तो कागद दोन दिवस टेबलावर पडून राहतो.

पॉलिसी दिली गेल्यावर चूक सापडली तर रस्ता अरुंद होतो. विमाधारकाच्या फायद्याची दुरुस्ती असेल तर दुरुस्तीची एन्डॉर्समेंट काढून मूळ तारखेपासून लागू करायला सहसा कुणाची हरकत नसते. विमा आखडणारी दुरुस्ती मात्र मध्येच एकतर्फी करता येते असं समजू नका. कळवावं लागतं, बहुधा संमती लागते, आणि नुकसान घडून गेल्यावर तर त्या घटनेपुरता जुनाच कागद चालतो. न्यायालयाकडून दस्तऐवज दुरुस्त करून घेता येतो, पण दोन्ही पक्षांचा हेतू एकच होता आणि कागदावर तो चुकीचा उतरला, हे भक्कम पुराव्याने दाखवावं लागतं. छापील पॉलिसी घेणाऱ्याने गळतीच्या दिवसांबद्दल कधी विचारच केला नसेल तर समान हेतू दाखवणार कसा? इथे जुना मसुदा, प्रस्तावपत्र, मेल आणि तुमच्या वाचनाच्या टिपा उपयोगी पडतात, म्हणून त्या तारखेसह जपून ठेवा.

तुमच्या नात्यातलं कुणी विमाधारक म्हणून अशी चूक घेऊन तुमच्याकडे आलं, तर त्यांनाही सांगा की नुकसान होण्याआधी लेखी विचारून घ्या. चूक त्यांच्या विरुद्ध असेल तर हे उघडच आहे. त्यांच्या बाजूची असेल आणि ती चूकच आहे हे ठाऊक असून ते गप्प बसले, तर काही देशांत हेच गप्प बसणं कागद दुरुस्त करून देण्याचं कारण ठरू शकतं. तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती होऊन आलेली प्रत हातात आली की फक्त दुरुस्त केलेला शब्द बघून सही करू नका. ‘त्या आगीने झालेले’ परत घालताना ओळ लांबली, खाली सरकली, समास बदलला असं होतं. पूर्ण कलम ४ पुन्हा वाचा, चारही घटना पुन्हा चालवा, आणि या कलमाकडे बोट दाखवणारी एन्डॉर्समेंट शेजारी ठेवून क्रमांक पुन्हा जुळवा. सही त्यानंतर.